दोन बोटी आणि बाबांची बोट: एकाच ‘स’ची दोन कामं

मालवणात आमच्या शाळेत तिसरीतल्या एका मुलाची आई परवा वही घेऊन आली. “बाई, ह्याला एस कुठे लावायचा तेच कळत नाही. दोन बोटींना लावत नाही, बाबांच्या बोटीला लावत नाही, आणि कधी लावलाच तर वर ते टिंब लटकवून ठेवतो.” तिला तिथे जे समजावलं, तेच इथे जरा सावकाश सांगते.

‘टू बोट्स’ म्हणजे दोन बोटी. ‘द बोट्स इंजिन’ म्हणजे बोटीचं इंजिन. कानाला दोन्ही ‘बोट्स’ सारखेच. एक ‘किती’ सांगतो, दुसरा ‘कुणाचं’ सांगतो. तो वर लटकणारा अपॉस्ट्रॉफी फक्त कागदावर असतो, बोलण्यात त्याचा मागमूसही नसतो. म्हणून चूक कागदावरची आहे की कानातली, हे आधी बघावं लागतं. त्यासाठी वही मिटून मुलाला बोलतं करायचं.

अनेकवचन मुलाला अवघड का जातं, याचं एक कारण आपल्या घरातच आहे. मराठीत आंबा-आंबे, होडी-होड्या होतात, पण एक नारळ, दोन नारळच. आकडा आला की अर्थ पुरा होतो, मग ‘टू कोकोनट’ म्हणताना मुलाला काही राहिल्यासारखं वाटत नाही. वर आपण घरात ‘एक शूज’, ‘एक चिप्स’ म्हणतो. तिथला ‘स’ मुलाला शब्दाचाच तुकडा वाटतो, वेगळा सुटत नाही.

‘कुणाचं’चा ‘स’ आपल्याला जास्त ओळखीचा आहे. बाबांची बोट, फादर्स बोट: आधी मालक, त्याला चिकटलेली खूण, मग वस्तू. क्रम तोच. फरक एवढाच की आपला चा-ची-चे वस्तूप्रमाणे बदलतो, इंग्रजीतला बदलत नाही. अमेरिकेत रॉजर ब्राउन यांनी इंग्रजी घरात वाढणारी तीन मुलं बारकाईनं अभ्यासली, 1973 मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्या मुलांत अनेकवचन आधी पक्कं झालं, मालकीचा ‘स’ नंतर. पण इंग्रजी शिकणाऱ्या एका पाच वर्षांच्या जपानी मुलीत हे उलट दिसलं. जपानीतही मालकाला ‘नो’ ही खूण लागते, आणि अनेकवचन बहुधा लागतच नाही. म्हणून मराठी मुलानं ब्राउन यांच्याच क्रमानं जावं असा हट्ट मी धरत नाही.

आता त्या मुलाचं सांगते. मी एक विचित्र प्राणी काढला, नाव ठेवलं ‘टिब’. शेजारी दुसरा काढला आणि विचारलं, नाऊ देअर आर टू...? तो म्हणाला, “टिब्झ.” हा शब्द त्यानं कधीच ऐकला नव्हता, म्हणजे पाठांतराचा प्रश्न नाही, नियम डोक्यात आहे. ही युक्ती माझी नाही. जीन बर्को यांनी 1958 मध्ये ‘वग’ नावाच्या काल्पनिक प्राण्यावर ती वापरली. मग टिबला टोपी घातली. हूज हॅट? “टिब हॅट.” इथे ‘स’ गळला.

म्हणजे आईची अर्धी तक्रार खरी होती. अनेकवचन त्याला येतं, घाईत गळतं. मालकीचा ‘स’ मात्र अजून बसलेला नाही, ओळखीचा असूनही. मला वाटतं, शब्द शेजारी ठेवले की मालक कळतोच, म्हणून तो पुढे जात नसावा.

तिसरा प्राणी ‘टास’. दोन झाल्यावर? “टू टास.” ही चूक बर्कोंच्या मुलांनीही केली होती. शब्दाच्या शेवटी आधीच ‘स’ ऐकू येतो, मग तो अनेकवचनीच वाटतो. इथे ‘टासिझ’ असा आणखी एक तुकडा लागतो, जसं ‘बसिझ’. मालकीलाही तसंच. हा तुकडा बहुधा सगळ्यात उशिरा येतो, त्याची काळजी नको.

उद्या मूल ‘फुट्स’ किंवा ‘मॅन्स’ म्हणालं तर रागावू नका. ‘फीट’, ‘मेन’ पाठ असलेलं मूल असं म्हणू लागतं, तेव्हा त्याला नियम सापडलेला असतो.

आईला मी एवढंच सांगितलं, की अपॉस्ट्रॉफी महिनाभर बाजूला ठेवा. वाक्य तोडून चूक दाखवू नका, त्याचंच वाक्य पुरं करून परत द्या. तो ‘फादर बोट’ म्हणाला की, “हो, फादर्स बोट. अँड हूज नेट?” उत्तरात त्याला तो ‘स’ स्वतः लावावा लागतो. संध्याकाळी जेटीवर बोटी लागतात तेव्हा दहा मालकांच्या दहा वस्तू समोर असतात, प्रश्नांना तोटा नाही.

वहीतल्या ‘थ्री बोट्स’वरचं टिंब मी त्या दिवशी खोडलं नाही. तोंडातून दोन्ही ‘स’ वेगळे येऊ लागले, की मगच ते कुठे हवं ते त्याला शिकवीन.