ऑडिटच्या सुरुवातीला आम्ही भट्टीपाशी का येतो

आमच्या फाउंड्री ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत आमची दोन माणसं तुमच्या कारखान्यात येतात. हिशेबाच्या वह्यांना हात लावण्याआधी ती शेडमध्ये फिरतात, मेल्टिंग सुपरवायझरशी बोलतात, डिस्पॅचच्या टेबलापाशी तासभर बसतात. बऱ्याच मालकांनी आम्हाला विचारलं आहे, "साहेब, टॅलीचा डेटा दिला आहे, मग भट्टी कशाला बघायची?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर नीट लिहून द्यावं, म्हणून हे पत्रक.

लेखापरीक्षण मानक ३१५ प्रमाणे ऑडिटरने आधी कंपनीचा धंदा, तिच्या भोवतीची परिस्थिती आणि तिची अंतर्गत नियंत्रणं समजून घ्यायची असतात. त्यावरून ताळेबंदात मोठी चूक कुठे शिरू शकते हे ठरवायचं आणि पुढची तपासणी त्या जागांकडे वळवायची. मोठी चूक म्हणजे जिच्यामुळे ताळेबंद वाचणाऱ्याचा, समजा बँकेचा, निर्णय बदलू शकेल अशी. ती मुद्दाम केलेली असो वा नकळत झालेली, या टप्प्यावर आम्ही दोन्ही शक्यता धरून चालतो.

हे सगळं एका उदाहरणातून सांगतो. कंपनी काल्पनिक आहे, पण शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या कोणालाही ती ओळखीची वाटेल. दोन इंडक्शन भट्ट्या, वर्षाला ३,००० टन कास्टिंगची विक्री, सरासरी भाव किलोला ९५ रुपये, म्हणजे उलाढाल साडेअठ्ठावीस कोटी. करपूर्व नफा १ कोटी ६० लाख. अशा उत्पादक कंपनीत किती रकमेपासून चूक मोठी धरायची ही मर्यादा ठरवताना करपूर्व नफ्याच्या ५ टक्क्यांपासून विचार सुरू करण्याची पद्धत आहे. म्हणजे इथे ८ लाख रुपये. तो पक्का नियम नाही, प्रत्येक कंपनीसाठी आम्ही वेगळा विचार करतो. पण पुढे वाचताना ८ लाखांचा आकडा लक्षात ठेवा.

रनर-रायझरचा ढीग

साच्यात १०० किलो धातू ओतला की १०० किलो कास्टिंग मिळत नाही. रनर, रायझर आणि नाकारलेले नग बाजूला काढले की आपल्या उदाहरणातल्या कंपनीत ६० किलो विकण्याजोगा माल उरतो. बाकीचे ४० किलो शेडच्या कोपऱ्यात ढीग होऊन पडतात आणि पुन्हा भट्टीत जातात. ३,००० टन विकायला वर्षभरात साधारण ५,००० टन धातू वितळवावा लागतो तो यामुळेच. एसजी आयर्नच्या नगांना रायझर जास्त लागतात, म्हणून तिथे विकण्याजोग्या मालाचं प्रमाण आणखी खाली येतं. कोणत्या महिन्यात कोणते नग जास्त गेले हे आम्ही विचारतो ते यासाठी.

परत भट्टीत जाणाऱ्या या मालाचं खरेदीचं बिल नसतं. बिल नसलेल्या वस्तूची किंमत माणूस ठरवतो, आणि माणूस ठरवतो तिथे आम्ही थांबतो. समजा ३१ मार्चला हा ढीग ९० टन भरला. अकाउंटंटने स्टॉक शीटमध्ये तो "कास्टिंग, अपूर्ण" या रकान्यात टाकला आणि किलोला ७० रुपये भाव लावला, कारण त्या रकान्यातल्या सगळ्या मालाला तोच भाव होता. प्रत्यक्षात हा ढीग भंगाराच्या जागी भट्टीत जाणार आहे, म्हणून त्याची किंमतही त्या भंगाराएवढीच, समजा ३८ रुपये. किलोमागे ३२ रुपयांचा फरक, गुणिले ९० टन, म्हणजे २८ लाख ८० हजार रुपये. ठरवलेल्या मर्यादेच्या साडेतीन पटीहून जास्त! यात कोणाचीही लबाडी नाही. ढीग काय आहे हे भाव लावणाऱ्याने कधी पाहिलं नव्हतं, एवढंच.

नुसता टॅलीचा डेटा पाहून ही चूक सापडणं फार अवघड आहे, कारण कागदावर ९० टन आणि ७० रुपये दोन्ही सरळ दिसतात. ढीग पाहिलेल्या माणसाला ती पाच मिनिटांत दिसते.

विजेचा मीटर काय सांगतो

मेल्टिंग रजिस्टरवर प्रत्येक हीटचं वजन लिहिलेलं असतं. ते खरं आहे की नाही हे पडताळायला दुसरी, स्वतंत्र खूण हवी. फाउंड्रीत ती खूण म्हणजे भट्टीचा वेगळा मीटर. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट लागतात. आपल्या कंपनीत हा आकडा महिनोन्महिने ६०० च्या आसपास आहे.

आता फेब्रुवारीत रजिस्टर म्हणतं ४०० टन, आणि मीटर म्हणतो २ लाख ८० हजार युनिट. टनामागे ७०० युनिट झाले. असं का झालं? नवं लायनिंग बसवल्यावर सिंटरिंगच्या हीटमध्ये जास्त वीज जाते. साचे तयार नसतील तर वितळलेला धातू भट्टीतच तापवत ठेवावा लागतो, त्यानेही युनिट चढतात. तिसरी शक्यता अशी की काही हीट रजिस्टरवर आल्याच नाहीत. ६०० च्या हिशेबाने या विजेत सुमारे ४६७ टन वितळायला हवे होते. म्हणजे ६७ टन धातू, त्यातून ४० टन कास्टिंग, आणि विक्रीच्या भावाने ३८ लाख रुपयांचा माल.

हा आकडा समोर आला म्हणून आम्ही कोणावर आरोप करत नाही. आम्ही लायनिंग बदलल्याची तारीख पाहतो, मोल्डिंग लाइन किती तास बंद होती ते पाहतो, आणि सुपरवायझरला विचारतो. मालकांनी सांगितलेलं कारण आणि सुपरवायझरने सांगितलेलं कारण जुळलं, कागदही तेच म्हणाले, तर तो मुद्दा मिटतो. दोघांची उत्तरं वेगळी आली तर विक्री नोंदीतून सुटण्याची जोखीम आम्ही वरच्या पातळीला धरतो आणि त्या महिन्याची गेट रजिस्टरं, काट्याच्या पावत्या, वाहतुकीची बिलं यांची सविस्तर तपासणी करतो. नुसत्या विचारपुशीवर आम्हाला थांबता येत नाही. पाहणं, कागद तपासणं आणि आकडे एकमेकांशी ताडून बघणं हे तिन्ही करावं लागतं.

एक मर्यादाही सांगायला हवी. जुन्या भट्टीला वेगळा मीटर नसेल आणि कॉम्प्रेसर, शॉट ब्लास्टिंग, सँड प्लांट सगळं एकाच बिलात असेल, तर हा ताळा कच्चा होतो. भट्टीला सबमीटर बसवून घ्या असा आग्रह आम्ही धरतो त्याचं हेही एक कारण आहे.

एप्रिलनंतर येणारी डेबिट नोट

वाहनांच्या सुट्या भागांच्या कंपन्यांना माल देणाऱ्या फाउंड्रीत भाव कायम नसतो. पिग आयर्न आणि भंगाराच्या दरानुसार तो ठरावीक काळाने बदलतो, आणि बदलाचं पत्र मात्र उशिरा येतं. जानेवारी ते मार्चचा भाव मे महिन्यात ठरला, असं होतं. कच्च्या मालाचे दर उतरलेले असतील तर ग्राहक मागच्या तारखेपासून डेबिट नोट पाठवतो.

तीन महिन्यांत ७५० टन माल गेला आणि भाव किलोला दीड रुपयाने उतरला, तर फरक ११ लाख २५ हजारांचा. ३१ मार्चच्या वहीत याची एकही नोंद नसते, कारण कागद अजून आलेलाच नाही. तरी विक्री त्या वर्षाची आहे, म्हणून घटही त्याच वर्षात धरावी लागते. भाव वाढणार असेल तेव्हा मात्र ग्राहकाची मान्यता येईपर्यंत हात आखडता घ्यावा लागतो. खरेदी ऑर्डर आणि भाव बदलाच्या अटींची फाईल आम्ही पहिल्याच दिवशी मागतो ती यासाठी. ही फाईल अनेकदा अकाउंट्समध्ये नसून मार्केटिंगच्या माणसाच्या कपाटात असते, आणि अकाउंटंटला तिचा पत्ता नसतो. भाव बदलाचा प्रत्येक ईमेल अकाउंट्सलाही जाईल एवढी व्यवस्था केली तरी ही जोखीम बरीच कमी होते.

मशीन शॉपला जॉबवर्कसाठी गेलेल्या मालाचंही असंच आहे. ३१ मार्चला चलनावर बाहेर असलेला नग दोन्हीकडे मोजला जातो किंवा कुठेच मोजला जात नाही. त्याची यादी चलन क्रमांकासह आधीपासून तयार ठेवा.

कारखान्याबाहेरचा दबाव

काही प्रश्न थोडे अवघड वाटतात. सीसी लिमिट किती, ती किती वापरली, बँकेला दर महिन्याला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमधला साठा आणि वहीतला साठा एकच आहे का, एकूण विक्रीपैकी किती एकाच ग्राहकाला जाते. हे आम्ही विचारतो, कारण माणूस कोणत्या बाजूला ओढला जातोय हे कळल्याशिवाय चूक कोणत्या दिशेला होईल हे कळत नाही. लिमिट काठोकाठ वापरलेली असेल तर साठा जास्त दाखवण्याचा मोह होतो. कर वाचवायचा असेल तर तोच साठा कमी दाखवण्याचा. दोन्ही दबाव एकाच वर्षात असतील तर बँकेचा कागद एक सांगतो आणि ताळेबंद दुसरं. तुम्ही मोकळेपणाने सांगितलंत तर आम्हाला योग्य जागी वेळ देता येतो. सांगितलं नाहीत तर सगळीकडे जास्त नमुने तपासावे लागतात आणि तुमच्या माणसांचे दिवस जातात.

या भेटीत आम्ही एका डिस्पॅचचा माग शेवटपर्यंत काढतो: ग्राहकाची ऑर्डर, हीट नंबर, तपासणी अहवाल, चलन, बिल, गेट पास, आणि बँकेत जमा झालेली रक्कम. एका नगाचा हा प्रवास पाहिला की कोणती सही खरंच तपासून होते आणि कोणती सवयीने होते, ते कळतं. नोंद करणारा, माल सोडणारा आणि पैसे जमा करणारा एकच माणूस असेल तर तेही इथेच दिसतं. छोट्या कंपनीत एवढी माणसं ठेवणं परवडत नाही, हे आम्ही जाणतो. तिथे मालकांनी स्वतः आठवड्यातून एकदा गेट रजिस्टर आणि बिलं शेजारी ठेवून पाहणं हा चालणारा उपाय आहे.

जानेवारीत ठरवलेली ही जोखमींची यादी शेवटची नसते. ३१ मार्चच्या मोजणीत किंवा जूनमध्ये आलेल्या एखाद्या डेबिट नोटमुळे ती बदलली, तर आम्ही पुन्हा येतो आणि नवे प्रश्न विचारतो.

पहिल्या भेटीच्या आधी एवढं काढून ठेवा: बारा महिन्यांचं मेल्टिंग रजिस्टर आणि भट्टीच्या मीटरच्या नोंदी, लायनिंग बदलल्याच्या तारखा, मोठ्या पाच ग्राहकांच्या ऑर्डर आणि भाव बदलाची पत्रं, बँकेला दिलेली स्टॉक स्टेटमेंटं, आणि जॉबवर्कला बाहेर असलेल्या मालाची यादी. त्या दिवशी मेल्टिंग सुपरवायझर पहिल्या पाळीला असेल असं बघा. त्याच्याशी आम्हाला अर्धा तास वेगळं बोलायचं असतं, आणि शक्यतो एखादी हीट ओतली जाताना उभं राहून पाहायची असते.