रूपांतरित यादृच्छिक चलाची घनता

एखाद्या यादृच्छिक चलाचे घनता फलन माहीत आहे, आणि त्या चलाचा वर्ग, वर्गमूळ किंवा लॉगरिदम घेऊन दुसरा चल तयार केला आहे. अशा वेळी या नव्या चलाचे घनता फलन काढण्याची रीत म्हणजे चलाचे रूपांतरण. संभाव्यताशास्त्राच्या पहिल्याच अभ्यासक्रमात ती भेटते. एकसमान वितरण असलेल्या चलाचा वर्ग हे तिचे सर्वांत साधे उदाहरण. पण साधे असूनही त्यात या विषयातल्या बहुतेक सगळ्या अडचणी सापडतात, म्हणून इथे तेच धरून पुढे जाऊ.

या उदाहरणाला इतिहासही आहे. फ्रेंच गणिती जोसेफ बर्ट्रांड यांनी १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या संभाव्यतेवरील ग्रंथात एक कोडे मांडले. ० ते १०० मधली कोणतीही एक संख्या, पूर्णांक असो वा अपूर्णांक, यदृच्छेने निवडली, तर ती ५० पेक्षा मोठी असण्याची संभाव्यता किती? उत्तर निम्मी, असे कोणीही सांगेल. आता संख्येऐवजी तिचा वर्ग पाहा. वर्ग ० ते १०,००० च्या दरम्यान असतो आणि संख्या ५० पेक्षा मोठी असेल तर वर्ग २,५०० पेक्षा मोठा. मग ० ते १०,००० मधून यदृच्छेने निवडलेली संख्या २,५०० च्या वर असण्याची संभाव्यता तीन चतुर्थांश. घटना एकच आणि उत्तरे दोन. बर्ट्रांड यांचा रोख असा होता की असंख्य शक्यतांमधून ‘यदृच्छेने निवडणे’ एवढे म्हटल्याने प्रश्न पुरा होत नाही. निवड कशी केली हे सांगावे लागते.

घनतेच्या भाषेत हा घोटाळा नेमका कुठे होतो ते दाखवता येते. संख्या एकसमान वितरणाने निवडली असेल, तर तिचा वर्ग एकसमान नसतो. तो कसा पसरलेला असतो ते काढले की दोन्ही वाटांनी एकच उत्तर येते.

आकडेमोड सोपी राहावी म्हणून X हा ० ते १ वर एकसमान आहे असे धरू आणि Y = X² घेऊ. घनतेवर थेट हात न घालता आधी वितरण फलन काढणे ही सगळ्यांत भरवशाची वाट आहे. वितरण फलन म्हणजे चलाची किंमत y किंवा तिच्याहून कमी असण्याची संभाव्यता. ती खरीखुरी संभाव्यता असल्यामुळे तिच्याबद्दल साध्या भाषेत विचार करता येतो. y ही ० आणि १ मधली संख्या घेतली, तर वर्ग y पेक्षा जास्त नसणे म्हणजेच X हा √y पेक्षा जास्त नसणे. X एकसमान असल्याने ही संभाव्यता √y एवढीच.

F(y) = P(X² ≤ y) = P(X ≤ √y) = √y

याचे विकलन केले की घनता मिळते.

f(y) = 1/(2√y),  0 < y < 1

बर्ट्रांड यांच्या कोड्यात याच पद्धतीने वर्गाची घनता 1/(200√y) येते, आणि वर्ग २,५०० च्या वर असण्याची संभाव्यता 1 − √2500/100, म्हणजे निम्मीच. तीन चतुर्थांश हे उत्तर वर्गालाच एकसमान मानल्यामुळे आले होते.

हा 1/(2√y) आला कुठून, हे सूत्राबाहेर समजून घेण्यासाठी दोन अरुंद पट्ट्या जवळून पाहू. X ची किंमत ०.१० ते ०.११ मध्ये असण्याची संभाव्यता ०.०१ आहे, ०.९० ते ०.९१ मध्ये असण्याचीही तितकीच. पहिल्या पट्टीचा वर्ग ०.०१०० ते ०.०१२१ मध्ये पडतो, म्हणजे रुंदी फक्त ०.००२१. दुसरीचा वर्ग ०.८१०० ते ०.८२८१ मध्ये पडतो, रुंदी ०.०१८१. संभाव्यता दोन्हीकडे सारखीच वाहून नेली गेली, पण एकीकडे ती दाटीने बसली आणि दुसरीकडे पसरली. घनता म्हणजे संभाव्यता भागिले रुंदी: पहिल्या पट्टीत सुमारे ४.७६, दुसरीत सुमारे ०.५५. सूत्रात y = ०.०११ आणि y = ०.८१९ घातले तरी जवळजवळ हेच आकडे येतात. वर्ग करताना शून्याजवळच्या पट्ट्या आकसतात आणि एकाजवळच्या जवळपास दुप्पट ताणल्या जातात. 2√y हे त्या ताणण्याचेच माप आहे.

म्हणून पुस्तकांत दिलेले सामान्य सूत्र असे असते: g हे सतत वाढणारे किंवा सतत घटणारे फलन असेल आणि Y = g(X) असेल, तर Y ची घनता म्हणजे त्या जागी पोहोचवणाऱ्या x वरची मूळ घनता भागिले |g′(x)|. केवल मूल्य घेतात, कारण घटत्या फलनाचा विकलज ऋण असतो आणि घनता ऋण असू शकत नाही.

विद्यार्थ्यांकडून सर्वाधिक होणारी चूक म्हणजे हा भागाकारच विसरणे. मूळ घनतेत x च्या जागी √y ठेवायचा आणि थांबायचे. ० ते १ च्या उदाहरणात ही चूक विशेष फसवी ठरते. मूळ घनता सगळीकडे १ असल्याने चुकीचे उत्तरही ‘० ते १ वर घनता १’ असे येते आणि त्याचे एकूण क्षेत्रफळ अगदी बरोबर १ भरते. म्हणजे क्षेत्रफळाची नेहमीची तपासणी इथे चूक पकडत नाही. सरासरी मात्र पकडते. X² ची सरासरी X वरूनच काढता येते, ∫x² dx ही ० ते १ मध्ये 1/3 येते. 1/(2√y) या घनतेवरूनही ∫ y/(2√y) dy काढल्यास 1/3 च येते. चुकीच्या घनतेवरून मात्र 1/2 येते. उत्तर तपासायचे तर क्षेत्रफळासोबत सरासरीही तपासावी, हा माझा ठाम आग्रह आहे.

y शून्याकडे जाताना ही घनता अमर्याद वाढते आणि नवख्या वाचकाला ते खटकते. संभाव्यता एकाच्या वर जाऊ शकत नाही, मग घनता कशी जाते? घनता ही संभाव्यता नसून संभाव्यतेचा दर आहे. उंची अनंताकडे गेली तरी तिच्याखालचे क्षेत्रफळ मोजकेच राहते: Y हा ०.०१ पेक्षा कमी असण्याची संभाव्यता √0.01, म्हणजे ०.१. दहातल्या एका वेळी X हा ०.१ च्या खाली असतो, तेव्हाच असे घडते.

खरी परीक्षा होते ती X ऋण किमतीही घेऊ लागला की. समजा X हा −१ ते २ वर एकसमान आहे. घनता सर्वत्र 1/3. आता Y ० ते ४ मध्ये फिरतो. y = ०.२५ हा वर्ग ०.५ आणि −०.५ या दोन्ही किमतींतून येतो, पण y = २.२५ हा फक्त १.५ मधून, कारण −१.५ ही किंमत X घेतच नाही. त्यामुळे वितरण फलन दोन तुकड्यांत काढावे लागते. y हा १ पर्यंत असेल तर X ला −√y ते √y एवढी, म्हणजे 2√y लांबीची मुभा आहे आणि F(y) = 2√y/3. y हा १ च्या पुढे गेला की डावी बाजू −१ ला अडते, म्हणून F(y) = (√y + 1)/3. विकलन केल्यावर:

f(y) = 1/(3√y),  0 < y < 1
f(y) = 1/(6√y),  1 < y < 4

पहिल्या तुकड्याचे क्षेत्रफळ 2/3, दुसऱ्याचे 1/3, मिळून १. y = १ पाशी घनता 1/3 वरून एकदम 1/6 वर घसरते, कारण तिथे दोनपैकी एक वाट बंद होते. घसरण दिसली म्हणून चूक झाली असे समजू नये. उलट ० ते ४ वर एकच सूत्र लिहिलेले दिसले तर चूक नक्की आहे. सगळीकडे 1/(3√y) लिहिले तर क्षेत्रफळ 4/3 भरते, सगळीकडे 1/(6√y) लिहिले तर 2/3. इथे क्षेत्रफळाची तपासणी लगेच बोलते.

X हा −१ ते १ वर एकसमान असेल तर काय होते तेही पाहावे. X ची घनता ० ते १ च्या उदाहरणातल्या घनतेच्या निम्मी होते, पण प्रत्येक y ला दोन वाटा मिळतात, आणि उत्तर पुन्हा 1/(2√y) च येते. म्हणजे वर्गाचे वितरण पाहून मूळ चल कुठे होता हे ओळखता येत नाही. चिन्हाची माहिती वर्ग करतानाच पुसली जाते.

संगणकावर पडताळा घ्यायचा तर आलेख काढण्याऐवजी संभाव्यता मोजाव्यात.

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(1)
y = rng.uniform(-1, 2, 100000)**2
print(np.mean(y <= 0.25), np.mean(y <= 1))
```

अपेक्षित आकडे 1/3 आणि 2/3. एक लाख नमुन्यांत फरक साधारण तिसऱ्या दशांश स्थळी पडतो. हिस्टोग्राम काढून त्यावर घनतेची वक्ररेषा ठेवली तर शून्याजवळच्या पहिल्या स्तंभात हमखास गोंधळ होतो. ० ते १ च्या मूळ उदाहरणात ० ते ०.१ हा स्तंभ ३.१६ उंचीचा येतो, पण त्याच्या मध्यावर, म्हणजे ०.०५ ला, सूत्र २.२४ सांगते. दोन्ही बरोबर आहेत. स्तंभ त्या पट्टीतली सरासरी दाखवतो आणि तिथे वक्र फार वेगाने चढतो. स्तंभाची तुलना वितरण फलनातल्या फरकाशी करावी, घनतेच्या एका बिंदूशी नव्हे.

हीच रीत उलट्या दिशेनेही कामाला येते. वर्तुळाकार तबकडीवर सगळीकडे सारख्या दाटीने बिंदू टाकायचे असतील, तर केंद्रापासूनचे अंतर एकसमान निवडून चालत नाही. तसे केले तर निम्मे बिंदू अर्ध्या त्रिज्येच्या आतल्या वर्तुळात पडतात, पण त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ एकूण क्षेत्रफळाच्या चौथाई असते. चित्र काढले की केंद्राशी झालेली गर्दी डोळ्यांना दिसते. तबकडीची त्रिज्या R असेल, तर अंतर ρ च्या आत असण्याची संभाव्यता ρ²/R² हवी, म्हणून ० ते १ वर एकसमान U घेऊन अंतर R√U ठेवतात. वर्गाने आकसलेले वर्गमुळाने पुन्हा पसरते.

या रीतीला एक मर्यादा आहे. g हे फलन एखाद्या पट्ट्यावर सपाट असेल, तर नव्या चलाला घनता उरतच नाही. X हा ० ते १ वर एकसमान असताना Y म्हणून X आणि ०.३ यांतली मोठी संख्या घेतली, तर X चा ० ते ०.३ हा सगळा भाग ०.३ या एकाच बिंदूवर येऊन साचतो आणि त्या बिंदूला ०.३ एवढी खरी संभाव्यता मिळते. तिथे g′ शून्य असल्याने सूत्रातला भागाकारच करता येत नाही. वितरण फलन मात्र तेव्हाही निमूट उत्तर देते: ०.३ च्या आधी शून्य, ०.३ ला एकदम ०.३ ची उडी, आणि तिथून १ पर्यंत F(y) = y.