आंतरपीक पद्धत आणि एलईआर (ज्वारी-तुरीच्या उदाहरणातून)

एकाच शेतात एकाच हंगामात दोन पिकं ठराविक ओळींत शेजारीशेजारी घेतली की ती आंतरपीक पद्धत. तिचा फायदा मोजायचं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं माप म्हणजे लँड इक्विव्हॅलंट रेशो, मराठीत जमीन समतुल्य गुणोत्तर, पण बोलताना सगळे एलईआरच म्हणतात. दोन पिकांच्या उत्पादनाची सरळ बेरीज का करत नाही? कारण एक किलो ज्वारी आणि एक किलो तूर ही एकच गोष्ट नाही. म्हणून प्रत्येक पिकाचं आंतरपिकातलं उत्पादन त्याच पिकाच्या सलग, म्हणजे शेतात ते एकटंच घेतल्यावर मिळणाऱ्या, उत्पादनाने भागायचं, आणि मग ते दोन अपूर्णांक मिळवायचे.

हिशेबासाठी सोपे आकडे धरू. सलग ज्वारी हेक्टरी ४००० किलो आणि सलग तूर १५०० किलो. दोन ओळी ज्वारी आणि एक ओळ तूर अशी पेरणी केली तर एका हेक्टरातून ज्वारी ३६०० आणि तूर ९०० किलो मिळाली.

```
एलईआर = ३६००/४००० + ९००/१५००
      = ०.९० + ०.६० = १.५०
```

म्हणजे हेच ३६०० अधिक ९०० किलो सलग पिकांतून काढायचं तर ०.९० हेक्टर ज्वारीला आणि ०.६० हेक्टर तुरीला, मिळून दीड हेक्टर जमीन लागली असती. इथे परीक्षेत हमखास होणारी चूक अशी की विद्यार्थी "५० टक्के जमीन वाचली" असं लिहून मोकळे होतात. सलग पिकांना ५० टक्के जास्त जमीन लागते हे बरोबर, पण वाचते ती दीडपैकी अर्धा हेक्टर, म्हणजे साधारण ३३ टक्के.

आणि नुसत्या बेरजेवर थांबू नका, दोन अपूर्णांक वेगवेगळे वाचा. ओळींच्या प्रमाणात बघितलं तर ज्वारीचा वाटा ०.६७ आणि तुरीचा ०.३३ अपेक्षित होता, मिळाले ०.९० आणि ०.६०, म्हणजे दोघीही आपल्या वाट्यापेक्षा पुढे. उलट एखाद्या प्रयोगात १.०५ आणि ०.१५ आले तर एलईआर १.२० दिसतो खरा, पण तिथे ज्वारीने तुरीला दाबून टाकलंय. (ज्वारीची झाडं सलग पिकाइतकीच ठेवून मध्ये तूर घुसवली असेल, तर ओळींवरून वाटा काढणं तितकंसं चालत नाही, तेव्हा रोपसंख्याही बघायची.)

आता १.५० आलं कुठून? एलईआर फायदा किती ते सांगतो, का ते सांगत नाही. त्यासाठी दोन्ही पिकं काय आणि केव्हा मागतात ते बघावं लागतं.

प्रकाशापासून सुरू करू, कारण ज्वारी-तुरीत खरी गोष्ट इथेच आहे. तूर सुरुवातीला फारच मंद वाढते. सलग तुरीच्या शेतात पेरणीनंतर महिन्या-दीड महिन्याने भर दुपारी उभं राहिलं तर दोन ओळींच्या मध्ये कोरडी माती उन्हात तापलेली दिसते, म्हणजे तेवढा प्रकाश मातीवर पडून वाया चाललाय. पाणी जमिनीत साठून राहू शकतं, नत्रही काही काळ राहतं, प्रकाश मात्र त्या क्षणी पानाने धरला तर धरला नाहीतर गेला. ज्वारी हीच रिकामी जागा पटकन भरते. ती साधारण साडेतीन महिन्यांत निघाली की तोवर सावलीत रखडलेली तूर फांद्या फोडते, शेत झाकते आणि आणखी दोन-अडीच महिने उभी राहते. दोघी एकाच प्रकाशासाठी भांडतात हे खरं, पण दोघींची जास्तीत जास्त गरज वेगळ्या वेळी येते. ज्वारीची उशिरा येणारी जात घेतली तर हा वेळेतला फरकच संपतो आणि तुरीचा ०.६० झपाट्याने खाली येतो.

पाण्याचं गणित थोडं वेगळं. ज्वारीची तंतुमुळं वरच्या थरात दाट असतात, तुरीचं सोटमूळ खोल जातं, त्यामुळे ज्वारी काढल्यावर खालच्या थरातल्या ओलीवर तूर शेंगा भरते. शिवाय शेत लवकर झाकल्यामुळे मातीतून उडून जाणारं पाणी कमी होतं आणि पिकातून जाणारा वाटा वाढतो. पण याला मर्यादा आहे. जमीन उथळ असेल किंवा पावसाने खालचा थर भिजलाच नसेल तर खोल मूळ असून उपयोग नाही, मग दोघी एकाच वरच्या थरातून ओढतात आणि मार बहुतेक वेळा उशिरा फुलणाऱ्या तुरीला बसतो.

नत्राबद्दल एक गैरसमज फार पक्का बसलाय, की तूर हवेतलं नत्र धरते आणि शेजारच्या ज्वारीला देते. त्याच हंगामात असं थेट दिलं जाणारं नत्र सहसा थोडंच असतं. जास्त महत्त्वाचं हे की ज्वारी मातीतलं नत्र जोरात ओढते, तुरीसाठी मातीत कमी उरतं, आणि तूर आपल्या मुळांवरच्या, हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठींवर जास्त अवलंबून राहते. म्हणजे वाटणी आपोआप होते, दान वगैरे काही नाही! याच कारणाने युरियाचा मोठा डोस दिला की चित्र फिरतं: ज्वारी उंच आणि दाट होते, तुरीवर सावली वाढते, मातीत तयार नत्र मिळाल्याने गाठीही कमी होतात. एकूण किलो वाढतील, पण एलईआर अनेकदा घटतो.

शेतात उभं राहून स्पर्धा कशाची चाललीय ते बऱ्यापैकी ओळखता येतं. तुरीचं खोड बारीक, लांब, दोन पेरांमधलं अंतर वाढलेलं आणि फांद्या कमी असतील तर प्रकाश कमी पडतोय. ज्वारीची खालची जुनी पानं टोकाकडून पिवळी पडायला लागली तर नत्राकडे बघा. दुपारी पानं गुंडाळत असतील आणि संध्याकाळी उघडत असतील तर पाणी. तरी नुसत्या डोळ्यांवर विसंबून निष्कर्ष लिहू नये, कारण उंच पीक जमिनीवर आणि जमिनीखाली एकदमच दाबतं. म्हणून काही प्रयोगांत ओळींच्या मध्ये जमिनीत उभा प्लॅस्टिकचा कागद पुरून मुळं वेगळी करतात. कागद घातल्यावरही तूर तेवढीच दबलेली राहिली तर दोष सावलीचा, सुधारली तर भांडण मुळांचं.

शेवटी मापातल्या दोन उणिवा. पहिली खोट भाजकाची. सलग तुरीची रोपसंख्या मुद्दाम किंवा चुकून विरळ ठेवली आणि तिचं उत्पादन १५०० ऐवजी १००० आलं तर तोच ९०० किलोचा आकडा ०.९० होतो आणि एलईआर थेट १.८०. शेतात काहीच बदललं नाही, फक्त तुलना लबाड झाली. म्हणून सलग पीक त्याच्या योग्य रोपसंख्येत आणि चांगल्या व्यवस्थापनातच हवं.

दुसरी खोट वेळेची. ज्वारीने जमीन १०५ दिवस अडवली आणि तुरीने १७५ दिवस, पण एलईआर दोघींना सारखंच धरतो. हिएब्श आणि मॅकॉलम यांनी १९८७ मध्ये सुचवलेल्या क्षेत्र-वेळ गुणोत्तरात प्रत्येक अपूर्णांकाला त्या पिकाच्या सलग कालावधीने गुणून एकूण कालावधीने भागतात: (०.९० × १०५ + ०.६० × १७५) ÷ १७५ = १.१४. दीडवरून एकदम १.१४! पण हेही माप थोडं कडक आहे, कारण सलग ज्वारी निघाल्यावर उरलेल्या ७० दिवसांतही ती जमीन तेवढ्याच कामाची असते असं ते गृहीत धरतं, आणि पाऊस संपलेल्या कोरडवाहू जमिनीत ते खरं नसतं. पाणी असेल आणि ज्वारीनंतर दुसरं पीक सहज घेता येत असेल तर १.१४ जवळचं, नसेल तर १.५० जवळचं.