लग्नविधींतील शब्द: सीमांत, हळद, सप्तपदी

मराठी हिंदू लग्नातल्या काही शब्दांचा अर्थ ते नीट फोडले की कळतो. परक्या संस्कृतीतून आलेल्या पाहुण्याची गल्लत मात्र बहुधा सप्तपदीपाशी होते.

सीमांतपूजन म्हणजे सीमेच्या अंतावर, अर्थात वेशीवर, केलेले वराचे पूजन. पूर्वी वऱ्हाड गावाच्या शिवेवर आले की वधूचे आईवडील तिथे जाऊन वराचे पाय धूत आणि त्याला वस्त्रे देत. आता हा विधी बहुधा आदल्या संध्याकाळी कार्यालयातच होतो, त्यामुळे शब्दातली सीमा कुणाला दिसत नाही. बोलण्यात त्याचे ‘श्रीमंतपूजन’ झाले आहे, पण श्रीमंतीशी त्याचा संबंध नाही. सीमंतोन्नयनाशीही नाही, तो गरोदरपणातला संस्कार असून तिथे सीमंत म्हणजे केसांचा भांग.

हळद हे पदार्थाचे नाव तसेच विधीचेही. सवाष्णी आधी वराला हळद लावतात आणि उरलेली वधूकडे पाठवतात. ती उष्टी हळद. इथे ‘उष्टी’ शब्दात कमीपणा नाही. दोघांच्या अंगाला एकच हळद लागावी, एवढाच भाव. पाहुण्याने त्या दिवशी पांढरा सदरा घालू नये, डाग सहज जात नाही.

‘लग्न’ हा मुळात ज्योतिषातला शब्द, पूर्व क्षितिजावर उगवणारी रास. म्हणून पत्रिकेत १२ वाजून २७ मिनिटे अशी काटेकोर वेळ असते. मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या की ‘लग्न लागले’ म्हणतात आणि मंडळी पंगतीकडे वळतात. विधी मात्र अजून संपलेला नसतो.

पुढे होमाजवळ तांदळाच्या सात लहान राशी मांडतात. वधू उजवे पाऊल एकेका राशीवर ठेवत पुढे जाते, वर सोबत असतो आणि गुरुजी प्रत्येक पावलाचा मंत्र म्हणतात: पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी, मग धन, सुख, संतती आणि ऋतू. सातव्याला ‘सखा सप्तपदी भव’, म्हणजे सात पावले चाललीस, आता सखी हो. सहा मागण्या मागून झाल्यावर सातवे पाऊल मैत्रीचे आहे, हे मला या विधीतले सर्वांत सुंदर वाटते.

हिंदी सिनेमामुळे अनेकजण याला ‘सात फेरे’ समजतात. पदी म्हणजे पाऊल, फेरा नव्हे. अग्नीभोवतीच्या प्रदक्षिणा लाजाहोमाच्या वेळी, लाह्यांच्या आहुतींबरोबर होतात. तो वेगळा विधी. हा फरक कायद्यातही आहे: हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ नुसार, ज्या विवाहविधीत सप्तपदी असते तिथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण होतो. तेव्हा समोर बहुधा जवळची दहाबारा माणसेच असतात. पाहुण्याला ते पाहायचे असेल, तर अक्षता पडल्यावर जेवायची घाई न करता होमाजवळ थांबावे.