लहान चेहरा, मोठा फोटो: पॅडिंगचं गणित

मोठ्या समूह-फोटोत मागच्या रांगेतला एखादा चेहरा विस्कटलेला असतो. तो इनपेंटिंगने, म्हणजे तेवढाच भाग एआयकडून नव्याने रंगवून घेऊन, दुरुस्त करायला घेतला की बहुतेक जण प्रॉम्प्ट लांबवत बसतात: रेखीव डोळे, नैसर्गिक त्वचा, उच्च दर्जा वगैरे. चेहरा तरीही मेण वितळल्यासारखाच येतो. शब्द कितीही चांगले असले तरी चेहरा काढायला मॉडेलकडे जागाच नसेल, तर ते काय करणार?

स्टेबल डिफ्यूजन हे चित्रं काढणारं मॉडेल पिक्सेलवर थेट काम करत नाही. आधी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे धरले जातात आणि प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला एक खाना येतो. तुकड्यात ६४ पिक्सेल, प्रत्येकाचे तीन रंग, म्हणजे १९२ आकडे. १.५ आणि एसडीएक्सएल या आवृत्त्यांत खान्यात उरतात फक्त ४. मॉडेल जे काही रंगवतं ते या खान्यांमध्ये, आणि शेवटी त्यांचे पुन्हा पिक्सेल होतात. म्हणून चेहरा किती पिक्सेलचा आहे यापेक्षा तो किती खान्यांचा आहे, हे विचारायला हवं.

समजा फोटो ४००० × ३००० चा आहे आणि त्यातला चेहरा ९० पिक्सेल रुंद. AUTOMATIC1111 या प्रोग्राममध्ये `Whole picture` ठेवून ७६८ × ५७६ वर काम केलं, तर चेहरा जेमतेम १७ पिक्सेलचा होतो. म्हणजे दोन खाने! दोन डोळे आणि नाक एवढ्यात मावणं शक्यच नाही. शिवाय निकालाचा फोटोही ७६८ रुंदीचाच हाती येतो.

`Only masked` निवडलं की प्रोग्राम वेगळी वाट धरतो. मास्कभोवतीची, म्हणजे बदलण्यासाठी आपण रंगवून दाखवलेल्या भागाभोवतीची, चौकट शोधतो, तिला चारही बाजूंनी पॅडिंग, म्हणजे आजूबाजूचा जादा भाग, जोडतो, कामाच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणात बसेल इतकी ती आणखी वाढवतो, तेवढाच तुकडा कापून मोठा करतो, रंगवतो, परत लहान करतो आणि फक्त मास्कपुरता भाग मूळ जागी चिकटवतो. यातलं पॅडिंग मूळ फोटोच्या पिक्सेलमध्ये मोजलं जातं, मोठ्या केलेल्या तुकड्याच्या नव्हे. गोंधळ नेमका इथे होतो.

आपल्या चेहऱ्यावरचा मास्क १०० × १२० चा धरू आणि काम ५१२ × ५१२ वर. `Only masked padding, pixels` मध्ये सुरुवातीला असलेले ३२ ठेवले, तर चौकट १६४ × १८४ होते आणि चौरस करताना १८४ × १८४. ती ५१२ पर्यंत ताणली की सुमारे २.८ पट वाढ मिळते. चेहरा २५० पिक्सेलचा, म्हणजे ३१ खान्यांचा होतो. हे चांगलं. तेच पॅडिंग १२८ केलं की चौकट ३७६ ची होते आणि चेहऱ्याला १५ खाने उरतात. डोळे पुन्हा चिखल.

मग पॅडिंग शून्यच का ठेवू नये? खाने ४८ मिळतील, पण मॉडेलला मान, खांदे, उजेडाची दिशा यातलं काहीच दिसणार नाही. डोकं मानेवर तिरकं बसतं, एका गालावर भलतीच सावली पडते. अशा लहान चेहऱ्याला ३२ ते ६४ पुरतं. खांद्यापर्यंतचा संदर्भ एकाच बाजूला हवा असेल, तर तिकडे मास्कचा एक बारीक ठिपका द्यावा. चौकट त्या बाजूला तेवढीच वाढते. ठिपक्याखालचे पिक्सेलही बदलतात, म्हणून तो सपाट जागी असावा. प्रॉम्प्ट मात्र कापलेल्या तुकड्याचाच लिहावा. 'मैदानात जमलेली गर्दी' असं लिहिलं, तर गालावर माणसं उगवू शकतात.

कामाचं रेझोल्युशन वाढवत नेणं हाही उपाय नव्हे. १.५ आवृत्ती ५१२ वर शिकलेली आहे, एसडीएक्सएल १०२४ वर. त्याच्या फार पलीकडे गेलं की एका कपाळाखाली दुसरा चेहरा फुटू लागतो. आणि शेवटी सगळं ९० पिक्सेलमध्येच परत येणार असतं. पापण्यांचे केस कितीही सुरेख आले तरी ते तिथे दिसत नाहीत. ते दिसायला हवे असतील, तर आधी पूर्ण फोटो दुप्पट मोठा करावा आणि मग मास्क काढावा.

जुनं चित्र किती बदलू द्यायचं हे ठरवणारी `Denoising strength` ०.४ च्या आसपास ठेवून सुरुवात करावी. ताणलेला तुकडा मुळात धूसर असतो. आकडा फार कमी ठेवला तर ती धूसरता तशीच राहते. चेहरा अजून मऊ वाटला तर ०.५. त्याच्या बरंच पुढे गेलं की भलताच माणूस समोर येतो. खरं तर ०.४ लाही तपशील सापडत नाहीत, रचले जातात. धूसर फोटोतून 'खरा चेहरा परत मिळवला' असे दावे करणाऱ्या जाहिराती हेच लपवतात. ओळख पटवण्यासाठी असा चेहरा निरुपयोगी आहे.

मास्कची कडा मऊ करणारा `Mask blur` सुद्धा मूळ पिक्सेलमध्येच चालतो. ४ ठीक आहे. २० केला तर एवढ्याशा चेहऱ्याच्या कडेला जुना आणि नवा चेहरा एकमेकांत मिसळून दुहेरी हनुवटी दिसते. कडा जुळूनही चेहरा चिकटवल्यासारखा वाटत असेल, तर बहुधा तो शेजाऱ्यांपेक्षा जास्त स्वच्छ झालेला असतो. फोटोत जितके दाणे आहेत, तितकेच त्या भागावर टाकावेत.