छापायला देण्याआधी तुमचं मराठी वाक्य कसं तपासायचं (आमच्या ग्राहकांसाठी)

नमस्कार. आमच्याकडे कार्ड, बॅनर, पत्रिका छापायला येतात तेव्हा मजकूर बहुतेक वेळा एका-दोन वाक्यांचाच असतो, आणि छोट्या वाक्यातली चूक लपत नाही, ती मोठ्या अक्षरात छापली जाते. प्रूफ आम्ही वाचतोच, पण तुम्ही पाठवण्याआधी एकदा नीट बघितलंत तर तुमच्या मनातलं वाक्य आणि छापलेलं वाक्य एकच राहतं. म्हणून हा कागद. यात व्याकरणाचं सगळं पुस्तक नाही, एकच वाक्य घेतलंय आणि ते शेवटपर्यंत तपासलंय.

समजा, नव्या दुकानाच्या उद्घाटनानंतर वाटायच्या कार्डासाठी हे वाक्य आलं:

थोरल्या काकूनी नविन दुकानाची चावी सूनेला दिले आणि आर्शिवाद दिला.

वाचताना अर्थ लगेच कळतो, म्हणूनच चुका सुटतात. डोळा अर्थाच्या मागे पळतो. यात पाच ठिकाणी दुरुस्ती आहे, आणि त्यातल्या काही एकमेकींना बांधलेल्या आहेत म्हणून तपासायचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी नामांचे प्रत्यय, मग क्रियापद, आणि सगळ्यात शेवटी स्पेलिंग, म्हणजे शुद्धलेखन. क्रियापद आधी बघायला गेलात तर गोंधळ होतो, कारण क्रियापदाने कोणाकडे बघायचं हे प्रत्ययच ठरवतात.

आधी प्रत्यय

"काकूनी" घ्या. एकवचनाला ने लागतो, अनेकवचनाला नी. घरात बोलताना "काकूने दिली" म्हणतो ते ठीकच आहे, पण कार्डावर मान द्यायचा म्हणून आपण काकूंना अनेकवचनात घेतो, आणि अनेकवचनात घेतलं की प्रत्ययाच्या आधीच्या अक्षरावर अनुस्वार येतो: काकूंनी. मराठी साहित्य महामंडळाचे जे लेखनाचे नियम आहेत (1962 चे चौदा, 1972 मध्ये आणखी चार, मिळून अठरा) त्यात हे स्पष्ट आहे, माणूस एकच असला तरी आदराने बोलताना अनुस्वार द्यायचा. म्हणून काकांनी, सरांनी, आजोबांचा, पाहुण्यांना. तपासायची सोपी खूण अशी की शब्दाच्या शेवटी नी प्रत्यय दिसला की त्याच्या आधीच्या अक्षराच्या डोक्यावर बघा, टिंब नसेल तर काहीतरी राहिलंय. बोलताना हा अनुस्वार पुसट होतो म्हणून लिहिताना पण गळतो, ऐकून लिहिणाऱ्यांचा हमखास गळतो.

"दुकानाची" बरोबर आहे. दुकान या शब्दाला प्रत्यय लागायच्या आधी त्याचं दुकाना झालं, यालाच सामान्यरूप म्हणतात, आणि मग ची चिकटला. ची का, चा किंवा चे का नाही, तर पुढे चावी आहे आणि चावी स्त्रीलिंगी. फक्त मध्ये जागा सोडू नका. "दुकाना ची चावी" असं फोनवरून टाइप केलेलं खूप येतं, कीबोर्ड शब्द निवडला की आपोआप स्पेस टाकतो त्यामुळे होतं ते. प्रत्यय नेहमी शब्दाला चिकटून.

आता "सूनेला". इथे दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही रोज लागणाऱ्या आहेत. पहिली, सुनेला की सुनीला? तर अशा शब्दाचं अनेकवचन करून बघायचं. एक सून, अनेक सुना, शेवट आ आला, म्हणून प्रत्ययाआधी ए: सुनेला. एक बहीण, अनेक बहिणी, शेवट ई आला, म्हणून बहिणीला. वीट, विटा, विटेला. भिंत, भिंती, भिंतीला. शेवटचं अक्षर अकारान्त असलेल्या स्त्रीलिंगी शब्दांना ही चाचणी छान लागू पडते.

दुसरी गोष्ट ऱ्हस्व-दीर्घाची. नुसता शब्द लिहिताना सून दीर्घ, पण प्रत्यय लागला की सु ऱ्हस्व होतो. तसंच दूध पण दुधाला, फूल पण फुलाला, तीळ पण तिळाचे, वकील पण वकिलांना, गरीब पण गरिबाला. मराठीत अकारान्त शब्दाच्या शेवटच्या आधीचं अक्षर इ किंवा उ चं असेल तर नुसत्या शब्दात ते बहुतेक वेळा दीर्घ असतं, आणि शब्द लांबला की जोर पुढे सरकतो आणि ते अक्षर आखूड होतं, मोठ्याने म्हणून बघा, तोंडालाच कळतं. पण एक मर्यादा आहे, संस्कृतातून जसाच्या तसा आलेल्या शब्दांना हे लागू नाही. शरीर चं शरीराला, दीप चं दीपाने, तिथे दीर्घ दीर्घच राहतो. शब्द कुठला आहे हे माहीत नसेल तर अंदाज करू नका, शब्दकोश बघा नाहीतर आम्हाला विचारा.

मग क्रियापद

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि कुठलाही स्पेलिंग चेकर त्या पकडत नाही. "दिले" हा शब्द म्हणून बरोबरच आहे ना, लाल रेघ येणार कशाला, चूक शब्दात नाही, जोडीत आहे.

दिले, दिली, दिला यातलं कुठलं, हे ठरवताना आपण सवयीने देणाऱ्याकडे बघतो. काकू बाई आहेत, मान द्यायचाय, मग "काकूंनी चावी दिल्या" असंही लोक लिहितात. पण काकूंना नी लागलेला आहे. भूतकाळात कर्त्याला ने किंवा नी लागला की क्रियापद कर्त्याकडे बघायचं सोडतं आणि दिलेल्या वस्तूकडे बघतं. म्हणून प्रश्न विचारायचा: काय दिलं? चावी. ती चावी. म्हणून दिली. पुढे परत: काय दिला? आशीर्वाद. तो आशीर्वाद. म्हणून दिला, आणि तो आपल्या वाक्यात आधीच बरोबर आहे. एकाच वाक्यात त्याच काकूंसाठी एकदा दिली आणि एकदा दिला आलंय आणि दोन्ही बरोबर आहेत, हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध्याहून जास्त काम झालं.

प्रत्यय नसेल तर उलट. "काकू आल्या" मध्ये काकूंना नी नाही, तिथे क्रियापद काकूंकडेच बघतं आणि मानाचं अनेकवचन घेतं. म्हणून काकू आल्या, पण काकूंनी चावी दिली.

सुनेला मध्ये ला आहे, तिच्याकडे क्रियापद बघत नाही. आणि जर वाक्यात दिलेली वस्तूच नसेल, जिच्यावर क्रिया होते तिलाच ला लागलेला असेल, जसं "काकूंनी सुनेला बोलावले", तर क्रियापदाला बघायला कोणीच उरत नाही आणि ते नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं. सुनेला बोलावली असं छापू नका. बोलावले लिहा किंवा बोलावलं, कार्डावर शक्यतो बोलावले, आणि जे घ्याल तेच सगळ्या मजकुरात ठेवा.

काही क्रियापदं या रांगेत बसत नाहीत. विसरणे, शिकणे, भेटणे यांच्यात भूतकाळातसुद्धा कर्त्याला ने लागत नाही: ती छत्री विसरली, तो छत्री विसरला. मी आणि तू यांनाही ने लागत नाही, पण तरी क्रियापद वस्तूकडेच बघतं: मी चावी दिली, मी आशीर्वाद दिला. बोलणारा पुरुष असो की बाई, काही फरक नाही.

ही चूक येते कुठून, तर बऱ्याचदा जुन्या कार्डावरून. आधीच्या मजकुरात "शुभेच्छापत्र दिले" असतं, ग्राहक शब्द बदलून चावी करतो आणि क्रियापद जुनंच राहतं. म्हणून नाम बदललंत की त्या वाक्याचं क्रियापद परत बघा, आणि त्या नामाच्या मागचं विशेषण आणि चा-ची-चे पण. इंग्रजीतून आलेल्या शब्दांचं लिंग कळत नसेल तर आधी "चांगला, चांगली, चांगलं" लावून बघा: चांगला मेसेज, चांगली ऑर्डर, चांगलं ऑफिस. म्हणून मेसेज दिला, ऑर्डर दिली, ऑफिस दिलं.

शेवटी अवघड शब्द

"नविन" मध्ये वी दीर्घ: नवीन. हे पटकन झालं. "आर्शिवाद" ला मात्र वेळ द्या, कारण यात दोन चुका एकत्र असतात आणि लोक एक दुरुस्त करून दुसरी ठेवतात, आशिर्वाद, आर्शीवाद असे सगळे प्रकार येतात. बरोबर रूप एकच, आशीर्वाद.

रफार कुठे द्यायचा हे ऐकून ठरतं. हळू म्हणा: आ, शीर्, वाद. र् चा आवाज शी नंतर आणि वा च्या आधी येतो, आणि रफार नेहमी त्या आवाजानंतरच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, म्हणजे वा वर. आर्शिवाद लिहिलंत तर ते आर् शिवाद वाचलं जाईल. युनिकोडमध्ये टाइप करायचा क्रमही बोलण्यासारखाच आहे:

```
आ श ी र ् व ा द
```

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये रफार ही वेगळी की असते, अक्षर टाइप करून मग ती मारायची, त्यामुळे एक अक्षर इकडेतिकडे झालं की रफार सरकतो. जुनी फाइल युनिकोडमध्ये बदलताना पण कधीकधी असंच होतं. तुमच्याकडे जुन्या फॉन्टमधला मजकूर असेल तर सोबत पीडीएफ किंवा फोटो पाठवा, म्हणजे मूळ कसं दिसत होतं ते आम्हाला ताडून बघता येतं.

शी दीर्घ का, तर शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलाय आणि तिथे तो दीर्घ आहे. सून-सुनेला वाला नियम इथे वापरू नका. आशीर्वादाने, आशीर्वादामुळे, शी तशीच दीर्घ राहते.

आता वाक्य असं झालं:

थोरल्या काकूंनी नवीन दुकानाची चावी सुनेला दिली आणि आशीर्वाद दिला.

मजकूर पाठवताना टाइप केलेलाच पाठवा, फोटोतला वाचून टाइप करताना टिंब आणि वेलांटी सुटू शकते. माणसांची आणि दुकानांची नावं आम्ही आमच्या मनाने दुरुस्त करत नाही, तुम्ही लिहाल तशीच ठेवतो, कारण कोणी आपलं नाव नियमापेक्षा वेगळं लिहीत असेल तर तो त्यांचा हक्क आहे. बाकीच्या मजकुरात काही बदललं तर प्रूफवर त्या शब्दाखाली रेघ मारून देतो, ती बघून हो किंवा नाही कळवा, तुमचा होकार आल्याशिवाय प्लेटला देत नाही.