पार्श्वभूमी : रंगाऱ्याचा खांदा आणि तासलेलं हाड

समोरचा रिपोर्ट 52 वर्षांच्या रंगाऱ्याचा आहे. छताला रोलर मारून उजवा खांदा दुखू लागला, आता रात्री त्या कुशीवर झोपताच येत नाही. सोनोग्राफीत हात वर उचलायला मदत करणाऱ्या सुप्रास्पायनेटस स्नायूच्या कंडरेला 12 मिलिमीटरची आरपार फाट दिसली. एमआरआयमध्ये कंडरा आत ओढली गेलेली नाही आणि स्नायूत चरबीही साठलेली नाही. शेवटच्या ओळीत मात्र कंडरेवरच्या हाडाला काटा आल्याचा आणि ‘इम्पिंजमेंट’चा, म्हणजे ते हाड कंडरेवर घासण्याचा, उल्लेख आहे. असं हाड तासावं की नाही, या वादाचं मूळ याच ओळीत आहे.

1972 मध्ये एका अमेरिकन सर्जनने मांडलं की हात वर नेताना हे हाड कंडरेवर घासतं, म्हणून त्याचा पुढचा भाग तासावा. 1983 मध्ये त्यांनी 95 टक्के फाटींचा दोष या घासण्यावरच टाकला. दुर्बिणीची शस्त्रक्रिया आल्यावर तासणं सोपं झालं आणि पुढची काही दशकं ते सर्रास होत राहिलं. माझ्या मते सोपेपणानेच त्याला जास्त हात दिला, पुराव्याने कमी.

2018 मध्ये ब्रिटन आणि फिनलंडमधल्या दोन चाचण्यांत काही रुग्णांचं हाड तासलं, काहींच्या सांध्यात नुसती दुर्बीण घालून पाहिलं. दोन्ही गटांत दुखणं जवळपास सारखंच कमी झालं. पण आरपार फाट असलेले रुग्ण या चाचण्यांतून वगळले होते. त्यामुळे आपल्या रंगाऱ्याला हा निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. काटा तासून फाट भरत नाही, एवढं मात्र नक्की.

मग दुखतंय ते फाटीमुळेच का? 1995 मध्ये खांदा अजिबात न दुखणाऱ्यांचे एमआरआय काढले, तेव्हा 40 ते 60 वयोगटात 24 टक्क्यांना अर्धवट फाट निघाली, आरपार फाट फक्त 4 टक्क्यांना. म्हणजे या वयात अर्धवट फाटीला फार महत्त्व देऊ नये, आरपार फाट मात्र दुर्लक्षून चालत नाही. सोनोग्राफीत एक फसगत होते: प्रोब जरा कलला की धडधाकट कंडराही फाटल्यासारखी काळी दिसते. प्रोब सरळ करून काळेपणा गेला तर ती फाट नव्हे. इथे तो गेला नाही.

शिडीवरून पडून हात एकाएकी उचलता येईनासा झाला असता, तर सर्जनने फार थांबू दिलं नसतं. ही फाट हळूहळू झिजून झालेली असल्यामुळे आधी तीनेक महिने फिजिओथेरपी आणि छताचं काम बंद. फाट वाढतेय का हे नंतरच्या सोनोग्राफीत कळेल. शिवायची वेळ आलीच तर हात साधारण सहा आठवडे झोळीत राहील आणि छताचं काम त्यानंतरही कित्येक महिने बंद. रोजंदारीवरचा माणूस हा हिशेब आधी मांडतो.